साडूचं नाव फॉर्मात कुठे बसतं?

अगं, परचेसच्या लोकांकडून व्हेंडरशी असलेले संबंध लिहून घ्यायचा तू पाठवलेला डिक्लरेशनचा फॉर्म नीट वाचला. पहिलाच प्रश्न बदल. "आपला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे का, हो/नाही" असं विचारलं की परचेसमधला प्रत्येक माणूस "नाही" वर टिक करणार आणि त्यातले बरेचसे खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच वाटत असतं की आपलं काम चोख आहे, मग कसला कॉन्फ्लिक्ट. ते ठरवणं त्यांच्यावर सोडूच नको, तू फक्त माहिती विचार. घरातल्या किंवा सासरच्या कुणाचा धंदा आहे का, कसला, फर्मचं नाव काय, कुठल्या व्हेंडरकडे नातेवाईक नोकरीला आहे का, व्हेंडरशी उसनवारी, भाड्याची जागा, पार्टनरशिप असं काही आहे का.

दुसरं म्हणजे नातेवाईकांची व्याख्या तू कंपनी कायदा 2013 च्या कलम 2(77) मधून उचललीयस. ती यादी मुख्यतः डायरेक्टर मंडळींच्या व्यवहारांसाठी आहे, त्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं, सून, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य येतात. पण मेहुणा नाही, साडू नाही, आणि एकत्र कुटुंब नसेल तर चुलतभाऊही नाही. आता भोसरी-चाकणकडची छोटी जॉबवर्कची शॉप्स आठव, तिथे धंदा कितीदा मेहुण्याच्या नाहीतर साडूच्या नावावर असतो! त्यामुळे ही नाती फॉर्ममध्ये सरळ नाव घेऊन लिही.

आता समज, तुमच्या एका बायरने लिहून दिलं की पावडर कोटिंगवाला व्हेंडर माझा साडू आहे, वर्षाचं काम साधारण 38 लाखांचं. बहुतेक ठिकाणी हा कागद एचआरच्या फाईलला लागतो आणि तिथेच संपतो. खरं काम तर इथून सुरू होतं. त्या व्हेंडरचं कोटेशन मागवणं, कंपॅरेटिव्ह बनवणं, पीओ, रेट रिव्हिजन, व्हेंडर रेटिंग, बिलाचा फॉलोअप, हे सगळं दुसऱ्या बायरकडे जायला हवं, आणि नुसतं तोंडी सांगून नाही तर ईआरपीमध्ये साडूवाल्या बायरचे त्या व्हेंडरपुरते राइट्स काढून. लोक रेट रिव्हिजन आणि डेव्हिएशनवर माल पास करणं हमखास विसरतात. पीओ दुसऱ्याने काढला, पण रिजेक्शन आलं की क्वालिटीला फोन करणारा हाच, म्हणजे काहीच बदललं नाही.

जुनी तीन कोटेशन्स पण काढून बघ. बाकीची दोन कुणी मागवली, ती पार्टी खरंच पावडर कोटिंग करते का, तिन्ही कोटेशन्सचा फॉरमॅट आणि शुद्धलेखनाच्या चुका सारख्याच नाहीत ना. अप्रूवल लिमिट 50 हजार असेल आणि 48-49 हजारांचे पीओ एकाच आठवड्यात दोन-तीनदा दिसले तर ते बाजूला काढ. पेमेंट टर्म 45 दिवसांची असताना याचंच बिल 20 दिवसांत सुटतं का तेही बघ. यातलं काही नसेल आणि रेट बाजाराला धरून असेल तर व्हेंडर बंद करायचं कारण नाही, चांगला व्हेंडर राहू दे, बायर तेवढा बाजूला कर. आणि ज्याने स्वतःहून सांगितलं त्याची बदली किंवा इन्क्रिमेंटला कात्री असं काही होऊ देऊ नकोस गं, नाहीतर पुढच्या एप्रिलला सगळे फॉर्म कोरे येतील.

जे सांगत नाहीत त्यांच्यासाठी एक साधी तपासणी आहे. जीएसटी नंबरमधले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा 27, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे ज्याच्या नावाने नोंदणी आहे त्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर P असेल तर तो एका माणसाचा पॅन, म्हणजे बहुतेक प्रोप्रायटरशिप. अशा व्हेंडरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला की ट्रेड नेमच्या शेजारी लीगल नेममध्ये खरा मालक दिसतो. व्हेंडर मास्टरमधले पॅन, बँक अकाउंट, मोबाईल नंबर आणि पत्ते कर्मचाऱ्यांच्या, त्यांच्या नॉमिनीच्या माहितीशी जुळवून बघ, एक्सेलमध्ये होतं. एचआरला आधी विचार, ही माहिती खाजगी आहे, यादी तुझ्याकडे आणि ऑडिटकडेच राहू दे. साडूचं आडनाव वेगळं, पत्ता वेगळा, तो यात सापडणारच नाही, म्हणून तर फॉर्ममधला प्रश्न नीट हवा. जुळणी सापडली तरी लगेच आरोप नको, एकाच बिल्डिंगचा पत्ता नुसता योगायोगही असतो, आधी त्या माणसाला बोलावून विचार.

आणि वर्षातून एकदा फॉर्म भरून भागत नाही. बायरचं लग्न डिसेंबरात झालं, सासऱ्यांचं पॅकिंग मटेरियलचं दुकान निघालं, तर एप्रिलपर्यंत थांबायचं का? बदल झाल्यापासून 15 दिवसांत कळवायचं असं पॉलिसीत टाक, आणि नवीन व्हेंडर उघडताना त्या बायरकडून त्याच व्हेंडरपुरती एक ओळ सही करून घे. तुझ्या परचेस हेडचा फॉर्म मात्र तू किंवा त्याच्या हाताखालच्या कुणी तपासायचा नाही, तो थेट फायनान्स हेडकडे जाऊ दे.

फॉर्म बदललास की पाठव, आठवड्याभरात बघून देईन.