इलेक्ट्रिक राइस कुकर भात शिजण्याआधीच ‘वॉर्म’वर जातोय? आधी भांड्याचं बूड बघा

प्लग काढा, कुकर गार होऊ द्या आणि भांडं उचला. खालच्या तापणाऱ्या तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर वरखाली होणारी गोल टिकली म्हणजे सेन्सर. पाणी आटून बूड साधारण १०३ अंशांवर गेलं की तो खटका पाडून कुकर ‘वॉर्म’वर नेतो.

तव्यावर भाताचं एक शीत जरी अडकलं तरी भांडं अधांतरी राहतं. उष्णता वर न जाता तवाच तापतो, टिकलीही तापते, आणि भात कच्चा असतानाच खटका पडतो. उलट बूड मध्ये आत चेपलेलं असेल किंवा टिकली खालीच अडकली असेल, तर तिला भांडं लागत नाही आणि भात करपतो.

तवा आणि भांड्याचं बूड ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा. टिकली बोटाने दाबून उसळते का पाहा. भांडं ठेवून डावी-उजवीकडे थोडं फिरवा. मग नुसतं कपभर पाणी उकळा; पाणी असतानाच खटका पडला, तर सेन्सर बदलायला द्या.