दरमहा जास्त रक्कम भरली तर कर्ज किती महिन्यांत फिटतं?

प्रश्न : पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे. कर्ज १८ लाख बाकी, व्याज ९ टक्के, १८० हप्ते उरलेत, हप्ता १८,२५७. सातपूरला नोकरी करतो, ओव्हरटाइमचे ४,००० दरमहा जास्त भरू शकतो. एकूण बाकी हप्त्यांची रक्कम काढून २२,२५७ ने भागलं तर १४८ महिने येतात, पण एका कॅल्क्युलेटरवर १२५ दाखवतंय. नक्की कोणतं खरं? आणि हे हाताने कसं काढायचं?

उत्तर :

१२५ बरोबर आहे. तुमच्या भागाकारात १८० हप्त्यांमधलं पुढचं सगळं व्याज आधीच धरलं गेलंय. १८,२५७ गुणिले १८० म्हणजे ३२ लाख ८६ हजार, आणि त्यातले जवळपास १४ लाख ८६ हजार हे व्याज आहे. कर्ज लवकर फिटलं तर त्यातलं बरंचसं व्याज लागणारच नाही. जे द्यावंच लागणार नाही तेही तुम्ही फेडायला घेतलंत, म्हणून महिने फुगले.

मी नाशिकच्याच एका पतसंस्थेत कर्ज खाती बघतो. तुमच्यासारखाच भागाकार करून येणारे बरेच असतात. त्यांना मी आधी पहिल्या महिन्याची ओळ लिहून दाखवतो. तुमची ओळ अशी होईल : १८ लाखांवर ९ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज १३,५००. हप्ता १८,२५७, म्हणजे मुद्दलात गेले फक्त ४,७५७. आता वरचे ४,००० भरा. व्याज तेच १३,५००, पण मुद्दलात जातात ८,७५७. एकूण भरणा २२ टक्क्यांनीच वाढला, पण मुद्दलाची फेड मात्र ८४ टक्क्यांनी वाढली. वरचे चार हजार व्याजात एक पैसाही न जाता थेट मुद्दलावर पडतात, सगळा फरक तिथूनच येतो.

आता दुसरा महिना बघा. बाकी राहिले १७,९१,२४३. त्यावर व्याज १३,४३४, म्हणजे २२,२५७ मधून मुद्दलात गेले ८,८२३. मागच्या महिन्यापेक्षा ६६ रुपये जास्त. हे ६६ म्हणजे ८,७५७ चे पाऊण टक्का, आणि तुमच्या कर्जाचा महिन्याचा दरही पाऊण टक्काच आहे (९ भागिले १२). हा योगायोग नाही. एकूण भरणा आणि दर तेच राहिले तर हप्त्यातला मुद्दलाचा भाग दर महिन्याला कर्जाच्याच दराने, चक्रवाढीने वाढत जातो. अगदी एफडी वाढते तसा. आणि शेवटच्या हप्त्यात व्याज जवळजवळ उरतच नाही, पूर्ण हप्ता मुद्दलातच जातो.

म्हणून प्रश्न एवढाच उरतो : ८,७५७ चे पाऊण टक्क्याने वाढत २२,२५७ व्हायला किती महिने लागतील? २२,२५७ भागिले ८,७५७ म्हणजे २.५४. रक्कम अडीच पटीच्या थोडी वर जायला हवी.

यासाठी लॉग लागत नाही. रक्कम दुप्पट व्हायला लागणारे महिने म्हणजे ७० भागिले महिन्याचा दर. ७० भागिले ०.७५ म्हणजे ९३ महिने. दुपटीनंतर उरतं २.५४ भागिले २, म्हणजे १.२७ पट. ९ टक्क्यांच्या कर्जात एका वर्षाची वाढ साधारण १.०९४ पट धरा. दोन वर्षांत १.१९६ पट होते, तीन वर्षांत १.३०९ पट. १.२७ हे या दोन्हींच्या मध्ये, तिसऱ्या वर्षाच्या आठव्या महिन्याच्या आसपास येतं. ९३ अधिक ३२, झाले १२५.

पद्धत बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर तुमच्या मूळ हप्त्यावर लावून बघा. १८,२५७ भागिले ४,७५७ म्हणजे ३.८४ पट. पूर्ण चौपट व्हायला दोनदा दुप्पट, म्हणजे १८६ महिने लागले असते. ३.८४ त्याच्या किंचित खाली, म्हणून १८०.

एक्सेलमध्ये करायचं तर एवढंच टाका :

```
=NPER(9%/12,-22257,1800000)
```

उत्तर १२४.८४ येतं, म्हणजे १२४ पूर्ण हप्ते आणि शेवटचा जरा लहान. मधली वजाची खूण विसरू नका, नाहीतर उत्तर उणे येतं आणि माणूस उगाच गोंधळतो. व्याजात साधारण ५ लाख वाचतात.

आता एक गोष्ट, जी कॅल्क्युलेटरवर नुसता आकडा बघून लक्षात येत नाही. जादा रकमेतला पहिला हजार सर्वांत जास्त काम करतो. तुमच्या कर्जात दरमहा फक्त १,००० जास्त भरले तर १८० चे १६२ महिने होतात, म्हणजे १८ महिने वाचतात. २,००० भरले तर १४७, म्हणजे दुसऱ्या हजाराने १५ वाचवले. ४,००० ने एकूण ५५ महिने वाचतात, पण ते दुप्पट करून ८,००० केले तर ९७ महिने लागतात, म्हणजे पुढच्या चार हजारांनी फक्त २८ वाचवले. तेव्हा ओढाताण करून आठ हजार काढण्यापेक्षा चार हजार न चुकता भरलेले मला तरी बरे वाटतात. घरात मुलांच्या फिया असतील, आईवडिलांची औषधं असतील, तर दोन हजारांनीही पावणेतीन वर्षं कमी होतात.

ओव्हरटाइम दर महिन्याला सारखा मिळत नाही, हे सातपूर-अंबडकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यासाठी वर्षाची सरासरी धरा. वर्षातले दोन महिने काहीच जास्त भरता आलं नाही, तर ४०,००० भागिले १२ म्हणजे ३,३३३ धरून वरचाच हिशोब करा. १३१ ते १३२ महिने येतात. आमच्याकडे निफाड-दिंडोरीचे द्राक्षवाले खातेदार आहेत, ते दरमहा काही देत नाहीत, माल गेला की एकदम भरतात. तुम्ही दर वर्षाच्या शेवटी ४८,००० एकदम भरले, तरी कर्ज १२८ व्या महिन्यात फिटेल. दरमहाच्या तुलनेत तीनच महिने जास्त. म्हणजे महिन्याला जमलं नाही तरी फार बिघडत नाही, फक्त ते पैसे वर्षभर हाताशी राहून दुसरीकडे खर्च होऊ नयेत. तेवढ्यासाठी काही जण आरडी लावतात, ते ठीक आहे.

गणित इथे संपलं, पण खात्यावर ते तसंच उतरेल असं नाही. तीन ठिकाणी फाटा फुटतो.

पहिली गोष्ट, जास्त भरलेली रक्कम मुद्दलात वळती झाली पाहिजे. नुसतं हप्त्याच्या खात्यात ४,००० जास्त टाकले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्याचे आगाऊ पैसे म्हणून पडून राहतात आणि बाकी कमी होत नाही. पार्ट पेमेंट म्हणूनच भरा, आणि किमान रकमेची अट असेल तर दोन-तीन महिन्यांचे एकत्र भरा. हे ओळखायचं कसं? बारा महिन्यांनंतर स्टेटमेंट काढा. पैसे नीट मुद्दलात गेले असतील तर बाकी १६ लाख ९० हजारांच्या आसपास दिसेल. १७ लाख ४० हजार दिसली, तर तुमचे ४८,००० कुठेतरी बाजूला पडलेत. दोन्ही आकड्यांत ५०,००० चा फरक आहे. त्यातले ४८,००० तुमचे आणि दोन हजार त्यांच्यावर वाचलेलं व्याज.

दुसरं, पार्ट पेमेंट केल्यावर काही ठिकाणी मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करतात. तसं झालं आणि तुम्ही कमी झालेल्या हप्त्यावर ४,००० टाकत राहिलात, तर एकूण भरणा घसरत जातो आणि १२५ चा हिशोब मोडतो. 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असं लेखी द्या आणि पोच घ्या. ते ऐकतच नसतील तर हप्ता कितीही कमी झाला तरी तुमच्याकडून एकूण २२,२५७ भरत राहा, महिने तेवढेच येतात.

तिसरं म्हणजे दर. तुमचं कर्ज फ्लोटिंग असणार, कारण बहुतेक गृहकर्जं तशीच असतात. उद्या दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर जादा न भरणाऱ्याचे १८० चे १९२ महिने होतात, तुमचे १२५ चे १३०. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार बँकेने दर तिमाहीला उरलेले हप्ते, आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, आणि वार्षिक दर दाखवणारं विवरण तुम्हाला उपलब्ध करून द्यायचं असतं. त्यातला 'उरलेले हप्ते' हा आकडा आपल्या हिशोबाशी ताडून बघत जा. मात्र तो आकडा मूळ हप्ता धरूनच दिलेला असतो, तुम्ही पुढेही जास्त भरणार आहात हे बँकेला माहीत नसतं. तेव्हा खात्यावरची बाकी आणि चालू दर घ्या, आणि भागाकार स्वतः करा : एकूण भरणा भागिले (एकूण भरणा वजा या महिन्याचं व्याज). जी पट येईल, तिच्यावरून वरच्यासारखेच महिने काढा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड घेता येत नाही, त्यामुळे त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर नियम विचारा. स्थिर दराचं कर्ज असेल तर मात्र करारपत्र वाचल्याशिवाय भरू नका.

आणि हे सगळं घटत्या शिलकीवर व्याज लागत असेल तरच. गाडीचं किंवा वस्तूंचं कर्ज फ्लॅट दराचं असेल, तर व्याज सुरुवातीलाच ठरून गेलेलं असतं. तिथे वर भरलेल्या चार हजारांनी व्याज आपोआप उतरत नाही, आधी व्याजात सूट देणार का हे विचारून मगच हात घाला. गृहकर्जाच्या मंजुरीपत्रात रिड्युसिंग बॅलन्स असं लिहिलेलं असेल, तर वरचा हिशोब लागू होतो.