ठेकेदाराच्या माणसाला भरपाई कोण देणार?

प्रश्न: भाऊ ठेकेदाराकडून कारखान्यात कामाला होता, मशिनमध्ये हात सापडला. मालक म्हणतो 'तो माझा माणूस नाही', ठेकेदार फोन उचलत नाही. भरपाई कुणाकडून मागायची?

मालकाकडून. 'माझा माणूस नाही' हे वाक्य मी शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात समोर बसून ऐकलंय, म्हणून लिहायला घेतलं.

२०२२ मध्ये माझे दाजी तिथं लॅडलवर होते. हॉइस्टचा हूक निसटला, वितळलेल्या धातूचा रस अंगावर आला, दाजी गेले. वय ३५. हजेरी ठेकेदाराची, पगार ठेकेदाराचा. पण ओतकाम हाच त्या कारखान्याचा धंदा. आपल्या नेहमीच्या धंद्यातलं काम मालकानं आपल्या जागेत ठेकेदाराकडून करून घेतलं, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचं कलम १२ तेच सांगतं. मालकानं पैसे भरावेत आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसावं. ती त्यांची आपापसातली भांडणं, त्यासाठी विधवेनं थांबायचं कारण नाही.

आमच्याकडं घोळ झाला तो दाजींच्या चुलत्यांमुळं. दहावा व्हायच्या आधीच ते शंभराचा स्टॅम्प घेऊन आले. त्यावर टाईप केलेलं, 'माणुसकीच्या नात्याने रुपये तीन लाख मिळाले, यापुढे कसलीही तक्रार नाही', आणि खाली ताईच्या सहीची जागा पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली. वर आम्हालाच ऐकवलं, "कोर्टकचेरी केली तर उद्या भावकीतल्या पोरांना कोण कामाला घेणार?" मालकाच्या माणसानं हळूच पुडी सोडली होती की दाजी पिऊन आले होते. चुलते त्यालाच घाबरले.

ताईला मी सही करू दिली नाही. एक तर, मृत्यूच्या केसमध्ये भरपाईची रक्कम कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडंच जमा करावी लागते, आमच्याकडं ते काम कामगार न्यायालयात चालतं. घरी आणून दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी वजा होते. हक्क सोडल्याचा कागद तर कायद्यापुढं रद्दीच. दुसरं म्हणजे, दारूचा मुद्दा मृत्यूच्या किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वाच्या केसमध्ये चालतच नाही. दाजी पीत नव्हते ते वेगळंच.

आता हिशोब. दाजींचा पगार २३ हजार होता, पण कायदा १५ हजारांच्या वर मोजत नाही. (ही मर्यादा मला आजही चीड आणते.) त्याचा निम्मा ७,५००, आणि कायद्याच्या तक्त्यात ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६. गुणाकार १४,७७,९५०. चुलते तीन लाखांत मिटवत होते! अपघातानंतर महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. कारखान्याची विमा पॉलिसी होती, म्हणजे रक्कम आणि व्याज विमा कंपनीनं भरलं. दंड मात्र मालकाच्या खिशातून गेला. मुलांचा वाटा आयुक्तांनी बँकेत ठेव करून ठेवला, त्याला भावकीतल्या कुणालाच हात लावता येत नाही. चुलत्यांचा राग बहुतेक त्याचाच असावा. आणि त्यांच्या त्या भीतीचं सांगायचं तर त्यांचा धाकटा पोरगा आज त्याच फाउंड्रीत शेकआऊटला आहे.

तुमच्या भावाचं थोडं वेगळं आहे. पगार २१ हजारांच्या आत आणि कारखाना ईएसआय या सरकारी कामगार विम्याखाली असेल, तर हा दावा चालत नाही, पैसे ईएसआयकडून मिळतात. ठेकेदारानं नाव नोंदवलं नसलं तरी आधी तिकडंच जा. ईएसआय नसेल तर हाताची किती हानी झाली त्यावर रक्कम ठरते. संपूर्ण अपंगत्वाला पगाराचा ६० टक्के गुणिले गुणक, आणि नुसता अंगठा गेला तर त्याच्या ३० टक्के. उपचाराचा खर्च वेगळा, तेव्हा दवाखान्याची बिलं फेकू नका. गेटपास, पगार जमा झाल्याचे मोबाईलवरचे मेसेज, पंचनाम्याची प्रत, शेजारच्या मशिनवरच्या दोघांची नावं आत्ताच गोळा करा. ठेकेदाराचं हजेरी रजिस्टर पहिल्यांदा गायब होतं.

आमची केस जुन्या कायद्यातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. मूळ मालकाची जबाबदारी आणि वयाचा गुणक तिच्यातही आहेत, कलमांचे आकडे मात्र बदलले, ते वकिलाकडून बघून घ्या. अर्ज दोन वर्षांच्या आत टाका. तोवर घरातलं कुणी वडीलधारं 'मिटवून टाक' म्हणालं, तर मिटवायचा कागद आयुक्तांसमोर नोंदवायला लावा. रक्कम कमी वाटली तर ते नोंदणीच नाकारू शकतात.