पीटीच्या तासाला जाड मुलं मागे पडतात, बाकीचे हसतात. त्यांना वेगळं न पाडता तास कसा घ्यावा? (सातवी, नाशिक)

फेऱ्या मोजून पळवणं आधी बंद करा. ‘तीन फेऱ्या’ म्हटलं की शेवटचा कोण, हे अख्ख्या वर्गाला दिसतं. त्याऐवजी वेळ ठरवा, सहा मिनिटं पुरेत. मैदानाच्या चार कोपऱ्यांना खुणा ठेवा आणि मुलांना चारही कोपऱ्यांतून सोडा. पळा, दम लागला तर चाला, शिट्टी झाली की असाल तिथे थांबा. मग शेवटचा असा कुणी उरतच नाही. पार केलेले कोपरे ज्याने-त्याने आपल्या वहीत लिहावेत. मोठ्याने वाचायला लावलंत तर सगळं मुसळ केरात. पळताना एक वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करायचा, हा नियम सगळ्यांनाच. लंगडीत बाद झालेल्याला बाहेर बसवू नका, समोरच्या संघात घ्या.