डी मायनरकडे ओढ कशी आणायची?

म्हापशात लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. C – Am – Dm – G7 फार सपाट वाटतं. Dm कडे ओढ कशी आणू?

Am च्या जागी A7 लावा. Am मधला सी अर्धा स्वर चढून सी शार्प होतो आणि त्याला डी गाठल्याशिवाय चैन पडत नाही. दुसरी तार दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर जाते, तेवढंच ऐका. पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जीही धरलात तर तो पहिल्या पडद्यावरच्या एफवर उतरतो आणि ओढ दुप्पट होते.

मात्र तिथेच गायक सी लांबवत असेल तर ते कानाला टोचेल. मग दोन मात्रा Am वाजवा, उरलेल्या दोन A7. मला तर हेच जास्त आवडतं.