थकबाकीवरची करसवलत आणि अधिकाऱ्याचा प्रश्न

मागच्या वर्षांच्या पगाराची थकबाकी यंदा मिळाली असेल, तर विवरणपत्र भरण्याआधी आयकर पोर्टलवर फॉर्म १०ई भरा. सवलत कलम ८९ची असते, पण फॉर्म नसेल तर ती नाकारली जाते. फॉर्ममध्ये कर निर्धारण वर्ष थकबाकी हातात पडली त्या वर्षाचं निवडायचं, इथेच बरेच जण चुकतात.

हिशोब असा: २०२०-२१ची १ लाखाची थकबाकी २०२३-२४मध्ये मिळाली. दोन्ही वर्षं जुनी करप्रणाली. २०२३-२४चं करपात्र उत्पन्न थकबाकीविना १० लाख, त्यामुळे थकबाकीवर सेससह ३१,२०० रुपये कर. २०२०-२१चं करपात्र उत्पन्न ७ लाख होतं. त्याच वर्षी पैसे मिळाले असते तर २०,८०० बसले असते. सवलत फरकाची, म्हणजे १०,४००.

आयकर अधिकाऱ्याने या सवलतीबद्दल विचारलं तर 'नियमानुसार आहे' एवढंच लिहून भागत नाही. तुम्ही नोकरी करता त्या कार्यालयाकडून थकबाकीची वर्षनिहाय फोड सही-शिक्क्यासह घ्या. सोबत १०ईची पोचपावती, फॉर्म १६ आणि २०२०-२१चं विवरणपत्र जोडा. ७ लाखांचा आकडा त्या विवरणपत्राशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. माझ्या मते पहिली नजर तिथेच जाते. कलम १४३(१)(अ)ची सूचना असेल तर उत्तराला ३० दिवस मिळतात, फोड मिळवण्यातच त्यातले बरेच जातात, म्हणून आजच अर्ज द्या.