झिजलेल्या दगडाची दुरुस्ती: पार्थेनॉनचं उदाहरण

प्रश्न: प्रदूषण, गर्दी आणि पावसाने झिजलेली दगडी स्मारकं तज्ज्ञ कशी दुरुस्त करतात?

अथेन्सचं पार्थेनॉन हे प्राचीन ग्रीक मंदिर पाहा. तिथे जुन्या दुरुस्तीनेच फार मोठं नुकसान केलं. प्राचीन कारागीर संगमरवराचे ठोकळे लोखंडी पट्ट्यांनी जोडत आणि पट्टीभोवती वितळलेलं शिसं ओतत, म्हणजे पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोस यांच्या दुरुस्तीत शिशाविना लोखंड वापरलं गेलं. पावसाचं पाणी आत झिरपलं, लोखंड गंजून फुगलं आणि दगड आतून तडकला.

1975 मध्ये स्मारकासाठी समिती नेमली गेली. पुढच्या कामात असे ठोकळे उतरवून लोखंड काढलं गेलं आणि त्याजागी न गंजणारं टायटॅनियम बसवलं. त्याची जाडी मुद्दाम मोजून ठरवतात: भूकंपात आधी धातू वाकावा, दगड फुटू नये. हरवलेल्या भागासाठी नवा संगमरवर तुटक्या पृष्ठभागाच्या बरहुकूम कोरतात. मूळ दगड तासायचा नाही, हा नियम मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

प्रदूषणाचं काम वेगळं. हवेतला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यासोबत संगमरवराचं जिप्सम करतो. उघड्यावर पाऊस ते धुऊन नेतो आणि कोरीवकाम पुसट होतं. आडोशाला काळा थर साचतो. तो लेझरने काढताना अवरक्त आणि अतिनील किरण एकत्र वापरले, कारण नुसत्या अवरक्ताने दगड पिवळसर दिसू शकतो.

गर्दीसाठी उपाय साधा आहे: पर्यटकांना मंदिराच्या आत सोडत नाहीत.